तांदळाच्या डब्याची तक्रार

आमच्या ऑफिसात माझं टेबल दाराजवळ आहे, पण दाराकडे पाठ करून. ते मीच तसं मागून घेतलं. आत येणाऱ्या माणसाशी आधी कोण बोलणार, हा प्रश्न त्यामुळे सुटतो. बोलतात ते सर. नागपुरात, सदर भागातल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांची टूर कंपनी आहे. उन्हाळ्यात दोन आणि दिवाळीनंतर एक, असे परदेशात ग्रुप जातात. मी व्हिसाचे कागद लावते, खोल्यांच्या याद्या करते आणि फ्रान्समधल्या हॉटेलांशी पत्रव्यवहार करते. शाळेत तिसरी भाषा म्हणून मी फ्रेंच घेतली होती. पुढे परीक्षा देत गेले, कारण त्या भाषेत लिहिताना मला घाम फुटत नसे. फ्रान्स मी पाहिलेला नाही. त्या देशाशी माझं सगळं बोलणं लेखी आहे.

जूनच्या सुरुवातीला, कूलरमधलं पाणीही गरम होतं अशा एका दुपारी, इतवारीतले भांड्यांचे व्यापारी आणि त्यांची बायको जिना चढून आले. मे महिन्याच्या ग्रुपमध्ये ते दोघं होते. सर त्यांना काकाजी आणि काकू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. काकाजींच्या हातात दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलेला कागद होता. काकूंच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. ती त्यांनी मांडीवर धरून ठेवली, खाली ठेवली नाही.

"तक्रार कराची आहे," काकाजी म्हणाले. "पण सभ्य. आम्ही व्यापारी लोक. शिव्या देऊन माल परत येत नाही."

झालं होतं ते असं. काकू प्रवासाला निघताना घरातले बाकीचे देव नेहमीसारखे तांदळात ठेवून गेल्या होत्या. अन्नपूर्णेला मात्र त्या बरोबर घेऊन गेल्या. लग्नात आईनं दिलेली, अंगठ्याएवढी, पितळेची. गौरीहर पुजताना जी मांडीजवळ असते तीच. देवघरातही ती तांदळातच उभी असते, म्हणून प्रवासात तिची सोय अवघड नव्हती. स्टीलचा एक छोटा डबा, त्यात तांदूळ, तांदळात ती. डबाही माहेरचाच. रुखवतात आलेला, त्यावर मशीननं काकूंचं लग्नाआधीचं नाव कोरलेलं.

फ्रान्समधल्या त्या हॉटेलात ग्रुप तीन रात्री होता. खोलीत टेबल होतं, पण टेबलाखाली छोटा फ्रिज आणि फ्रिजमध्ये दारूच्या बाटल्या. पलंगाशेजारच्या फळीवर काकाजींच्या औषधांबरोबर उकडलेल्या अंड्याची टरफलं. राहिली खिडकी. ती पूर्वेची निघाली. काकूंनी रुमाल अंथरून डबा खिडकीत ठेवला. सकाळी आंघोळ झाली की अन्नपूर्णेला वर काढायचं, हळदकुंकू लावायचं, नाश्त्याला मिळालेला पावाचा गोड तुकडा दाखवायचा. बाहेर पडताना चोरीबिरी नको म्हणून तिला पुन्हा तांदळात पुरून ठेवायचं. झाकण मात्र लावायचं नाही.

"दिवसभर कोंडून कशी ठू तिले?" काकू मला नंतर म्हणाल्या. "आपण फिराले गेलो आणि ती बंद."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आल्या तेव्हा खिडकीत रुमाल होता, घडी घातलेला. डबा नव्हता.

काउंटरवरच्या मुलाला ग्रुपबरोबरच्या टूर लीडरनं विचारलं. तो म्हणाला, साफसफाईचा विभाग बंद झाला, सापडलेल्या वस्तूंची खोली सकाळी नऊला उघडेल. तिसरा दिवस रविवार होता, ती खोली उघडलीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी सातला बस निघाली. टूर लीडरनं पुढच्या गावातून दोनदा फोन केला, मग पुढच्या गावातल्या अडचणी सुरू झाल्या.

काकाजींचा कागद इंग्रजीत होता. त्यांनी रेल्वेला, महापालिकेला, वीज कंपनीला अशी पत्रं जन्मभर लिहिली होती आणि ती भाषा त्यांच्या हातात बसलेली होती. पहिल्या ओळीत ते सविनय सादर करत होते, शेवटच्या ओळीत योग्य ती कार्यवाही मागत होते, आणि मधल्या परिच्छेदात हॉटेलवाल्यांना त्यांनी चोर म्हटलं होतं. तेही सविनय.

सरांनी ते वाचून चष्मा काढला. "काकाजी, ऐसा है, हा मधला भाग आपण थोडा नरम करू."

"काहून?"

"पुढच्या मे महिन्याचा ग्रुप तिथंच उतरणार आहे. खोल्या बुक झाल्या आहेत."

"मंग? तुमचा ग्रुप उतरन म्हणून मी चोराले चोर म्हणू नोको?"

"म्हणा ना. पण चोर म्हटलं की ते वकिलाकडे पाठवतील. वस्तू हरवली म्हटलं की शोधतील."

सर हे खोटं बोलत नव्हते, पण सगळं खरंही बोलत नव्हते. मी दाराकडे पाठ करून ऐकत होते. काकाजींनी बराच वेळ विचार करून चोर खोडलं. त्या जागी लिहिलं, पाहुण्याची परवानगी न घेता खोलीतून वस्तू हलवणे ही गंभीर बाब आहे. मला ते वाक्य आवडलं. ते ठाम होतं आणि त्यात शिवी नव्हती.

मग मूर्तीचा प्रश्न आला. काकाजींनी 'आयडॉल' लिहिलं होतं. सर म्हणाले, तो शब्द नको. परदेशात भारतीय मूर्ती म्हटली की पुरातन वस्तू आहे का, बाहेर कशी नेली, कस्टमला सांगितलं होतं का, असे प्रश्न निघतात. हॉटेलनं वस्तू परत पाठवायची ठरवली तरी पार्सल अडकेल. "आपण लिहू, स्टीलचा डबा, नाव कोरलेला, आत तांदूळ आणि धार्मिक वस्तू. बस."

"अंगठ्याएवढी ती, पुरातन कुठची?" काकाजी म्हणाले. पण कस्टम हा शब्द त्यांच्या धंद्यातला होता. त्यांनी तोही शब्द खोडला.

काकूंनी मांडीवरची पिशवी सरळ केली. आता म्हणाल्या, "तिचं नाव लिवा."

"काकू, त्यांना नाव कसं कळणार?"

"न कळू द्या. नाव असलं का माणूस शोधते."

"तू चूप राय," काकाजी म्हणाले. रागानं नाही. दुकानात गिऱ्हाईक असताना म्हणत असतील तसं.

काकूंनी पिशवीतून एक फोटो काढला. त्यांच्या लग्नातला. रंग उडालेले, पिवळी साडी, खाली घातलेली मान, आणि मांडीसमोर तांदळाच्या ढिगावर उभा असलेला एक चमकता ठिपका. "हे जोडता येईन का?" त्यांनी विचारलं ते सरांना नाही, मला. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, फोटोची गरज नाही, काकाजींनी रुखवतातलाच, तेच नाव कोरलेला दुसरा डबा शोधून त्याचा फोटो मोबाईलवर आणलाय, तो पुरे. तरीही मी काकूंचा फोटो हातात घेतला, स्कॅन केला आणि परत दिला. जोडणार नव्हते तर स्कॅन का केला, हे मला सांगता येणार नाही. त्यांना फोटो नुसताच परत करायचा नव्हता, एवढंच.

पुढच्या दोन दिवसांत मी ते पत्र फ्रेंचमध्ये केलं. हे काम मला येतं, आणि येतं म्हणून ते करताना मी सुखात होते, हेही इथे लिहायला हवं. पाठवणाऱ्याचा पत्ता वर डावीकडे, घेणाऱ्याचा त्याच्या खाली उजवीकडे. मग गाव आणि तारीख. मग विषयाची एक ओळ, कोरडी. आपल्याकडे सभ्यपणा पत्राच्या सुरुवातीला असतो, सविनय आणि सादर. फ्रेंच पत्रात सुरुवातीला नुसतं 'मादाम, मस्य', म्हणजे बाईसाहेब, महाशय, म्हणून थेट तारखा आणि खोलीचा नंबर. सभ्यपणा सगळा शेवटी येतो, एका लांबलचक वाक्यात. त्यात आपण समोरच्याला आपल्या आदराचा स्वीकार करण्याची विनंती करतो. कितीही भांडण असो, ते वाक्य सुटत नाही. आणि ठामपणा शब्दांत नसतो, मुदतीत असतो. योग्य ती कार्यवाही व्हावी, याला तिकडे अर्थ नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावं, न मिळाल्यास आम्ही ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या मध्यस्थाकडे जाऊ, याला अर्थ आहे. पाहुण्याने खोलीत आणलेल्या सामानाची जबाबदारी तिथल्या कायद्यात हॉटेलवर असते. ती ओळ मी शोधून काढून घातली. सर म्हणाले, जरा जास्त होतंय का. मग म्हणाले, राहू दे, शेवट गोड आहे.

'आत तांदूळ आणि धार्मिक वस्तू' हे मी जसंच्या तसं केलं.

खरं तर त्या ओळीवर मी थांबले होते. परीक्षेत आम्हाला शिकवलं होतं की हरवलेल्या वस्तूचं वर्णन असं करा की कधीही न पाहिलेला माणूस ती ओळखेल. पितळेची मूर्ती, अंगठ्याएवढी उंच, तांदळाच्या आत पुरलेली, वरून न दिसणारी. एवढंच वाक्य. मला ते पाठच होतं. पण इंग्रजी पत्रावर काकाजींची सही झाली होती, सरांनी ते मंजूर केलं होतं, आणि भाषांतर करणाऱ्यानं आपल्या मनचं घालायचं नसतं, हा नियम माझ्या सोयीचा होता. त्या नियमामागे उभं राहिलं की कुणाशी बोलावं लागत नाही.

पत्र ईमेलनं गेलं, बरोबर इंग्रजी प्रत, बुकिंगचा कागद, डब्याचा फोटो. सही केलेली प्रत रजिस्टर्ड पोस्टानंही गेली. पोस्टात काकाजी स्वतः माझ्याबरोबर आले. खिडकीतल्या माणसानं पावती दिली तेव्हा ती त्यांनी दोनदा वाचली, घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "पोरी, भारी लिवलं म्हणतात तुझे सर. येईन ना गा ती?"

आमच्याकडे गा पुरुषाला म्हणतात, बाईमाणसाला नाही. ते पोस्टाच्या पायऱ्यांना विचारत असल्यासारखे बोलले. मी म्हटलं, "बघू या काकाजी."

उत्तर बाराव्या दिवशी आलं. सकाळची वेळ होती, सर फोनवर, मी एकटीनं वाचलं. पत्र डायरेक्टरच्या सहीचं होतं आणि नीट लिहिलेलं होतं. झालेल्या त्रासाबद्दल खेद. डबा सापडला आहे. त्यावर कोरलेली अक्षरं फोटोतल्या अक्षरांशी त्यांनी ताडून पाहिली आहेत. हॉटेलच्या खर्चानं तो नागपूरला पाठवण्यात येईल. पुढचा परिच्छेद असा होता: तांदळाबाबत सांगायचं तर, खिडकीत उघडा ठेवलेला डबा पाहून आमच्या कर्मचारी बाईंचा असा समज झाला की धान्य कबुतरांसाठी ठेवलं आहे. आमच्या शहरात पक्ष्यांना खायला घालण्यास मनाई आहे. म्हणून तांदूळ त्या दिवशीच्या कचऱ्यात टाकण्यात आला आणि डबा जपून ठेवण्यात आला. आणि मग शेवटचं लांब वाक्य, आदराचा स्वीकार करण्याचं.

'धार्मिक वस्तू'बद्दल काही नव्हतं. त्यांना वाटलं असावं की डबा हीच ती वस्तू.

सरांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "काय म्हणतात?"

"डबा सापडला. पाठवतायत."

"अरे वा." त्यांनी दुसरा फोन उचलला. मी पुढचं वाक्य जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी इतवारीत लावलाही. "काकाजी, काम झालं. मी म्हटलं नव्हतं, प्यार से लिहा." मग फोन माझ्यापुढे धरला. "काकूंना तुमच्याशी बोलायचंय."

मी फोनवर बोलणं टाळते. सरांना ते माहीत आहे, पण ते खुशीत होते.

"सापडली का वं ती?" काकूंनी विचारलं.

"डबा सापडला, काकू."

"सापडली वं बाई," काकू म्हणाल्या, पण मला नाही. घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगत होत्या. मग परत मला, "तुयं भलं होईन पोरी. तुया हाताले यश आहे."

मी फोन सरांना दिला. मला बोलायची संधी नव्हती, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. संधी होती. फोन ठेवायला दहा-पंधरा सेकंद गेले. 'तांदूळ फेकलेत' एवढं म्हणायला दोन लागतात.

एक आशा मीही धरली होती. तांदूळ ओतताना मूर्ती डब्यात अडकली असेल. त्या बाईला दिसली असेल, तिनं काढून ठेवली असेल, डायरेक्टरला सांगायचं राहिलं असेल. त्या दुपारी सर जेवायला गेल्यावर मी माझ्या नावानं हॉटेलला दुसरं पत्र लिहिलं. कुणाचंही भाषांतर नसलेलं मी लिहिलेलं ते पहिलंच फ्रेंच पत्र. पितळेची मूर्ती, अंगठ्याएवढी उंच, हातात पळी, तांदळाच्या आत पुरलेली, वरून न दिसणारी. एका बाईला तिच्या आईनं लग्नात दिलेली. तिचं नावही लिहिलं, रोमन अक्षरांत. काकूंचा फोटो जोडला आणि त्या ठिपक्याभोवती लाल गोल काढला. पंधरा दिवसांची मुदत घातली नाही. जमल्यास कृपया त्या कर्मचारी बाईंना विचारावं, असं लिहिलं.

चार दिवसांनी साफसफाईच्या मुख्य बाईंचं उत्तर आलं, छोटं, डायरेक्टरच्या पत्रासारखं कसलेलं नाही. त्यांनी त्या कर्मचारी बाईंना विचारलं होतं. तिला डबा आठवत होता. तांदूळ तिनं ढकलगाडीवरच्या पिशवीत ओतला, तेव्हा काहीतरी वाजल्यासारखं तिला वाटलं. खडा असेल असं समजून तिनं पाहिलं नाही. पिशव्या रोज पहाटे गाडी घेऊन जाते, आणि पुढे सगळं जाळलं जातं. त्या बाईला फार वाईट वाटलं आहे, ती स्वतःही घरून एक लहान मूर्ती बरोबर घेऊन या देशात आलेली आहे, असं तिनं सांगायला सांगितलं होतं.

मी तारखा मांडून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तांदूळ पिशवीत गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे पिशवी गेली. काकाजींनी लेटरहेडवर पहिली ओळ लिहिली तेव्हा तीन आठवडे होऊन गेले होते. म्हणजे पत्रात 'आयडॉल' लिहिलं असतं, नाव लिहिलं असतं, फोटो जोडला असता, चोर म्हटलं असतं, तरी काही फरक पडला नसता. फ्रेंच चुकलं असतं तरी नाही आणि उत्तम असलं तरी नाही. आमची सगळी घासाघीस, नरम करणं, ठाम करणं, हे जळून गेलेल्या वस्तूवर चाललं होतं. यातून मला सुटल्यासारखं वाटेल, असं वाटलं होतं. वाटलं नाही.

ते उत्तर मी सरांना दाखवलं नाही. त्या ग्रुपच्या फोल्डरमध्ये ठेवून दिलं. एकदा ऑफिसमधून निघून इतवारीत जायचं ठरवलंही. चौकापर्यंत गेले. भांड्यांची गल्ली सुरू होते तिथे हातगाड्या अडल्या होत्या. एका गाडीवर पातेल्यांची चळत एवढी उंच होती की ओढणारा माणूस दिसत नव्हता. दुकानाच्या ओट्यावर काकाजी कुणाशी तरी हसत बोलताना लांबून दिसले. मी वळले. पार्सल आलं की सांगू, असं ठरवलं. पार्सल उशिरा यावं, असंही वाटत होतं.

ते जुलैच्या शेवटी आलं, ऑफिसच्या पत्त्यावर. वर कस्टमचा कागद, त्यात वस्तूचं वर्णन: धातूचा डबा, वापरलेला, रिकामा. तो कागद फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींत होता. सरांनी इंग्रजी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "रिकामा म्हणजे?"

मी सांगितलं. आधी पहिल्या पत्रातलं, मग दुसऱ्यातलं. सर खुर्चीत मागे टेकले. त्यांनी मला रागावायला हवं होतं. ते म्हणाले, "त्यांना बोलावलंय मी. निघाले असतील."

काकू एकट्याच आल्या. काकाजी गोंदियाला गेले होते. काकूंनी त्या दिवशी हिरवी साडी नेसली होती आणि त्यांच्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत एक पुरचुंडी होती. "नवे तांदूळ आणले," त्या म्हणाल्या. "निवडून. तिथले तांदूळ पारोसे झाले असतीन. इथंच बदलून घेतो, मंग घरी नेतो."

सर म्हणाले, "काकू, आधी पाणी घ्या." त्यांना पुढचं वाक्य सुचत नव्हतं. मला ते सुचत होतं, बोलता येत नव्हतं. तोवर काकूंनी खोका ओढून घेतला.

आत पातळ पांढरा कागद होता, एक कार्ड होतं, लव्हेंडरची छोटी पिशवी होती. डबा इतका घासला होता की कोरलेलं नाव उठून दिसत होतं. काकूंनी तो हातात घेतला आणि वजनावरूनच त्यांना कळलं. भांड्यांच्या दुकानातली बाई ती. तरी त्यांनी झाकण उघडलं. आत पाहिलं. डबा माझ्या टेबलावर पालथा घातला आणि बुडावर दोनदा टिचकी मारली, पीठ झटकतात तशी. मग सरळ करून कडेच्या आतून बोट फिरवलं, सगळीकडून.

काकूंनी झाकण लावलं.

"तुले माहीत होतं," त्या मला म्हणाल्या. विचारलं नाही.

"हो."

"कधीपासून?"

"त्यांचं पहिलं उत्तर आलं तेव्हापासून."

"मंग सांगाचं होतं ना वं," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "इतके दिवस मी लोकाईले सांगून राहिली, येऊन राहिली म्हणून. माहेरी फोन केला. वहिनीनं साडी पाठवली, हे पाहा, नेसून आली."

सर म्हणाले, "चूक आमची आहे, काकू. आपण तशीच दुसरी..."

"तिच्यासारख्या दुकानात शंभर हायेत माया," काकू म्हणाल्या. "घरचंच दुकान आहे, साहेब."

मग त्यांनी मला विचारलं, "तिनं पाहिलं का तिले, त्या बाईनं? फेकताना?"

"नाही. तांदळाबरोबर गेली. फक्त काहीतरी वाजलं, असं तिला आठवतं."

काकूंनी मान हलवली. "वाजली असन. कशालेही लागली का वाजे ती." मग म्हणाल्या, "मले वाटलं होतं, झाकण लावलं तर तिले घुसमटल्यासारखं होईन. लावलं असतं तर?"

त्याचं उत्तर मला माहीत होतं. झाकण लावलेला डबा कुणी उघडला नसता. डायरेक्टरच्या पत्रात ते जवळजवळ लिहिलेलंच होतं. या वेळी मी दहा सेकंद जाऊ दिले, वीस जाऊ दिले, आणि म्हटलं, "माहीत नाही, काकू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना हेही कळलं.

डबा त्यांनी नेला नाही. "ठू द्या इथंच. घरी रिकामा नेला तर लोक विचारतीन." नव्या तांदळाची पुरचुंडी मात्र पिशवीत परत घातली, धान्य टाकत नाहीत म्हणून. जिन्यापर्यंत मी गेले. त्या एकेक पायरी कठड्याला धरून उतरल्या आणि खाली जाऊन वळून पाहिलं नाही. काकाजींना त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही. ते पुन्हा ऑफिसात आले नाहीत. रजिस्टर्ड पत्राची पोचपावती हॉटेलच्या शिक्क्यासह सप्टेंबरात आली, ती त्यांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवून दिली.

सरांनी त्या डब्यात ऑफिसचे रबरी शिक्के ठेवले आहेत. मी हरकत घेतली नाही. दिवसातून चारपाच वेळा तो उघडावा लागतो, आणि प्रत्येक वेळी एका मुलीचं लग्नाआधीचं नाव अंगठ्याखाली येतं.

येत्या मे महिन्याचा ग्रुप त्याच हॉटेलात उतरणार आहे. गेल्या आठवड्यात मी खोल्यांची यादी पाठवली, शेवटी आदराचा स्वीकार करण्याची विनंती केली, आणि डायरेक्टरनं तितक्याच आदरानं पोच दिली. प्रवाशांना जो सूचनांचा कागद देतो, त्यात सरांनी एक ओळ वाढवायला सांगितली. मी ती एकोणिसाव्या क्रमांकावर टाइप केली, मोज्यांच्या सूचनेखाली आणि प्लगच्या सूचनेवर: हॉटेलच्या खोलीत खिडकीत धान्य उघडं ठेवू नये.

सर म्हणाले, ठीक आहे, ठाम आहे आणि सभ्यही आहे. मी चाळीस प्रती काढल्या.